रुपया घसरला की तूट आधी वाढते: धोरणकर्त्यांना एका फाउंड्रीचालकाचे खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, वाणिज्य विभाग,
मा. सचिव, आर्थिक व्यवहार विभाग,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक.

स. न. वि. वि.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत मी बिडाची एक लहान फाउंड्री चालवतो. आमच्याकडे पंपांची केसिंग आणि व्हॉल्व्हच्या बॉडी ओतल्या जातात, त्यांचे मशिनिंग होते आणि त्यातला मोठा हिस्सा न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो. हे पत्र लिहिण्याचे तात्कालिक कारण माझ्या बँकेकडून आलेले एक उत्तर आहे. कच्च्या मालाचे भाव वाढल्यामुळे निर्यातपूर्व कर्जाची मर्यादा वाढवून मिळावी, असा अर्ज मी केला होता. रुपया घसरल्यामुळे निर्यातदाराची रोकड स्थिती आपोआप सुधारलेली असणार, म्हणून मर्यादा वाढवण्याची गरज दिसत नाही, अशा आशयाचे कारण देऊन तो नाकारण्यात आला. हे कारण लिहिणाऱ्या अधिकाऱ्यावर माझा राग नाही. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, आयात कमी होते आणि व्यापारतूट भरून येते, हेच त्यांनी सगळीकडे ऐकलेले आहे. या वाक्यात दीड-दोन वर्षांचा काळ गाळलेला आहे आणि त्या गाळलेल्या काळात माझ्यासारखे कारखाने अडचणीत येतात, हे आपल्यासमोर आणि वाचकांसमोर मांडणे मला आवश्यक वाटते.

अर्थशास्त्रात या काळाला नाव आहे. चलन घसरल्यानंतरच्या व्यापारशिल्लकीचा आलेख काढला तर तो प्रथम खाली जातो, तळाला वळतो आणि मग सुरुवातीच्या पातळीच्या वर चढतो. त्याचा आकार इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा दिसतो, म्हणून त्याला जे-वक्र म्हणतात. त्यामागचे कारण फार गूढ नाही. किंमत एका दिवसात बदलते, पण मालाचे प्रमाण बदलायला अनेक महिने लागतात. आज डॉलर महागला तर आज बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक टनासाठी जास्त रुपये मोजावे लागतात, आणि आज निघणारा निर्यातीचा माल मात्र चार-सहा महिन्यांपूर्वी ठरलेल्या संख्येने आणि भावानेच निघतो.

साधे गणित मांडतो. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. एखादा देश महिन्याला १०० डॉलरची निर्यात आणि १५० डॉलरची आयात करतो असे धरू. डॉलर ५४ रुपयांना असताना त्याची तूट ५० डॉलर, म्हणजे २,७०० रुपये आहे. डॉलर ६२ रुपयांवर गेला आणि मालाचे प्रमाण तसूभरही बदलले नाही, तर डॉलरमधली तूट ५०च राहते, पण रुपयातली तूट ३,१०० होते. पुढच्या टप्प्यात परदेशी ग्राहक भाव कमी करून मागतात. निर्यातदारांनी सरासरी चार टक्के सूट दिली आणि नगांची संख्या तेवढीच राहिली, तर निर्यात ९६ डॉलरवर येते. आता तूट डॉलरमध्येही वाढून ५४ झाली आणि रुपयात ती ३,३४८ झाली. त्यानंतर कधीतरी नव्या मागण्या सुरू होतात. निर्यातीचे नग १५ टक्क्यांनी वाढले आणि आयातीचे प्रमाण सहा टक्क्यांनी घटले, की निर्यात सुमारे ११० डॉलर, आयात १४१ डॉलर आणि तूट सुमारे ३१ डॉलर होते. रुपयात ती १,९०० च्या आसपास येते. शेवटची पायरी खरी आहे आणि मी ती नाकारत नाही. मधल्या दोन पायऱ्या कोणी मोजत नाही, हे माझे दुःख आहे.

यातली एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. ज्या देशाची आयात आधीच निर्यातीपेक्षा जास्त आहे, त्याला रुपयातली तूट नुसती पूर्वीएवढी राखण्यासाठीसुद्धा डॉलरमधली तूट कमी करावी लागते. वरच्या उदाहरणात डॉलर ६२ रुपयांना असताना २,७०० रुपयांच्या तुटीवर परत यायचे, तर डॉलरमधली तूट ५० वरून ४३.५ च्या जवळ आणावी लागेल. भाव एक टक्का बदलला की मागणी किती टक्के बदलते, याला मागणीची लवचिकता म्हणतात. पाठ्यपुस्तकांतली मार्शल-लर्नर अट सांगते की निर्यात व आयात यांच्या मागणीच्या लवचिकतांची बेरीज एकापेक्षा जास्त असेल तर चलनघसरण शिल्लक सुधारते. ती अट व्यापार मुळात समतोल असल्याचे गृहीत धरते, आणि आपला व्यापार समतोल नाही. शिवाय या लवचिकता पहिल्या सहा महिन्यांत वेगळ्या असतात आणि दोन वर्षांनी वेगळ्या. पहिल्या काळात त्यांची बेरीज एकाच्या खाली असणे हेच नैसर्गिक आहे.

असे का होते, हे माझ्या कारखान्याच्या २०१३ सालच्या वहीतून सांगतो. मे महिन्याच्या सुरुवातीला डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता. २८ ऑगस्टला तो ६८ च्या वर गेला आणि वर्ष संपताना ६२ च्या जवळ स्थिरावला. तेव्हा एका अमेरिकी पंप उत्पादकाला मी महिन्याला एक हजार केसिंग देत होतो, ४० डॉलरला एक. म्हणजे महिन्याचे ४०,००० डॉलर. रुपया कोसळत असताना भेटणारा प्रत्येक जण माझे अभिनंदन करत होता. प्रत्यक्षात मी मे महिन्यातच पुढच्या सहा महिन्यांचे डॉलर सरासरी ५५ रुपयांनी बँकेला आगाऊ विकून ठेवले होते, कारण आमच्यासारख्या चार-पाच टक्के नफ्यावर चालणाऱ्या कारखान्याने विनिमय दराची जोखीम अंगावर घेऊ नये, असा सल्ला आम्हाला बँकाच देतात आणि तो योग्यच असतो. त्यामुळे बाजारात डॉलर कितीही चढला तरी मला ५५ नेच रुपये मिळत होते.

खर्चाची बाजू मात्र थांबली नव्हती. पिग आयर्न, स्क्रॅप, फेरोसिलिकॉन, मॅग्नेशियमचा मिश्रधातू आणि कोअरसाठी लागणारी राळ, यांवर माझा महिन्याला साधारण नऊ लाख रुपये खर्च होत असे. त्यातला थोडाच माल मी स्वतः आयात करतो, पण देशात बनलेल्या पिग आयर्नचा भावही डॉलरबरोबर चालतो, कारण त्यासाठी लागणारा कोकिंग कोळसा मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येतो. डॉलर ६२ वर गेल्यावर हाच खर्च सुमारे १० लाख ३३ हजारांवर गेला. आगाऊ विक्रीमुळे माझी आवक ४०,००० रुपयांनी वाढली आणि खर्च १ लाख ३३ हजारांनी वाढला. रुपयाच्या घसरणीच्या पहिल्या सहा महिन्यांत एका निर्यातदाराच्या खिशातून महिन्याला ९३,००० रुपये जास्त जात होते. देशाच्या पातळीवर जो वक्र दिसतो तोच वक्र कारखान्याच्या वहीतही असतो, फरक एवढाच की देशाला तो आकडेवारीत दिसतो आणि आम्हाला पगाराच्या दिवशी.

सप्टेंबरमध्ये अमेरिकी ग्राहकाचे पत्र आले. तुमचे चलन इतके स्वस्त झाले आहे, तेव्हा त्याचा लाभ वाटून घेऊ, सहा टक्के भाव कमी करा, असे त्याचे म्हणणे होते. मला अजून लाभ झालेला नाही, हे त्याला पटवता येण्यासारखे नव्हते, आणि त्याच वेळी तो इतर पुरवठादारांकडेही भाव मागत होता. ऑक्टोबरच्या पाठवणीपासून चार टक्के कमी करण्यावर समझोता झाला आणि केसिंग ३८ डॉलर ४० सेंटला गेले. भाव चार टक्के उतरला म्हणून ग्राहकाने १,००० ऐवजी १,०४० केसिंग घेतले का? नाही. एका पंपाला एकच केसिंग लागते आणि त्याचे किती पंप विकले जाणार हे त्याच्या बाजारात ठरते, माझ्या रुपयावर नाही. परिणामी त्या ऑक्टोबरपासून माझ्या कारखान्याने देशाला दरमहा १,६०० डॉलर कमी मिळवून दिले. वर सांगितलेली ५० वरून ५४ डॉलरवर जाणारी पायरी अशा हजारो लहान समझोत्यांची बनलेली असते.

आता नवी मागणी येण्याचा वेग पाहावा. रुपया घसरल्याने आम्ही चीनच्या फाउंड्रीशी भावात स्पर्धा करू शकू, हे आणखी एका ग्राहकाच्या लक्षात आले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याची चौकशी आली. डिसेंबरमध्ये त्यांचा माणूस कारखाना पाहून गेला, जानेवारी २०१४ मध्ये भाव ठरला. पॅटर्न आणि कोअर-बॉक्स, म्हणजे ओतकामाचा साचा घडवण्याची लाकडी साधने, बनवायला दहा आठवडे लागले. एप्रिलमध्ये पाठवलेले पहिले नमुने आतल्या भिंतीत छिद्रे निघाल्यामुळे नापास झाले. साच्यात जास्तीचा वितळलेला धातू पुरवणाऱ्या रायझरची जागा बदलून, ओतण्याचे तापमान पुन्हा बांधून जूनमध्ये दुसरे नमुने पाठवले. मग मापांचे अहवाल, धातूच्या सूक्ष्मरचनेचे अहवाल, मशिनिंगची क्षमता सिद्ध करणारे आकडे अशी मान्यतेची सगळी कागदपत्रे ऑगस्टमध्ये पूर्ण झाली. सप्टेंबरमध्ये पन्नास नगांची चाचणी-खेप गेली. नियमित वेळापत्रक, महिन्याला ६०० नग, ३६ डॉलर भावाने, जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाले. बिल ऑफ लेडिंगपासून, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीपासून, साठ दिवसांची उधारी धरली तर पहिले पैसे मार्च २०१५ मध्ये आले. रुपयाच्या घसरणीपासून त्या पैशांपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ गेला होता. त्या दिवसापासून मात्र माझी मासिक निर्यात ३८,४०० वरून ६०,००० डॉलरवर गेली आणि ती टिकली. ‘जे’चा उभा दांडा मी स्वतः चढलो आहे, म्हणूनच त्याच्या आधीच्या खड्ड्याबद्दल अधिकाराने लिहितो आहे.

आयातीची बाजूही अशीच मंद असते. वितळलेले बीड गाळण्यासाठी आम्ही परदेशी सिरॅमिक फिल्टर वापरत होतो. ते महाग झाल्यावर देशी फिल्टर घ्यायचे ठरवले, पण प्रत्येक भागासाठी चाचणी-ओतकाम, नाकारलेल्या नगांची टक्केवारी आणि मग ग्राहकाची लेखी संमती, असे करत आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत मी तोच परदेशी फिल्टर जास्त रुपये देऊन आणत राहिलो. देशाच्या पातळीवर हेच कच्च्या तेलाचे होते. आपल्या गरजेचे चार-पंचमांशाहून जास्त तेल बाहेरून येते, आणि डॉलर महागला म्हणून कोल्हापूरचा ट्रक डिझेलऐवजी दुसऱ्या कशावर धावू लागत नाही. त्यात भीतीची भर पडते. रुपया आणखी घसरेल असे वाटले की आयातदार तीन महिन्यांनंतरची खरेदी आजच करतो आणि निर्यातदार बाहेरचे डॉलर आणायला शक्य तितका उशीर करतो. दोघेही आपापल्या जागी शहाणपणाने वागतात आणि दोघांमुळे खड्डा आणखी खोल होतो.

इतर देशांचा अनुभव वेगळा नाही. ब्रिटनने १८ नोव्हेंबर १९६७ रोजी पौंड २.८० डॉलरवरून २.४० डॉलरवर आणला. १९६८ सालभर सरकारला टीका सोसावी लागली आणि चालू खात्यावर स्पष्ट शिल्लक १९६९ मध्ये दिसली. डॉलर उतरवण्यासाठी अमेरिकेसह पाच देशांनी सप्टेंबर १९८५ मध्ये केलेल्या प्लाझा करारानंतर डॉलर वेगाने उतरला, तरी अमेरिकेची व्यापारतूट १९८७ पर्यंत वाढतच राहिली. १९६७ च्या सुमारास ब्रिटिश निर्यातदार बहुतांशी पौंडात बिल करत, त्यामुळे त्यांच्या मालाची परदेशातली किंमत ताबडतोब उतरली आणि डॉलरमधली कमाई लगेच घटली. आपले तसे नाही. आपल्या आयातीपैकी सुमारे ८६ टक्के आयातीची बिले डॉलरमध्ये होतात, जरी अमेरिकेतून येणारा माल फक्त पाच टक्क्यांच्या आसपास असला, हे गीता गोपीनाथ यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या अभ्यासातून सर्वांसमोर आले. निर्यातीचेही चित्र असेच डॉलरकडे झुकलेले आहे. त्यामुळे आपल्याकडे डॉलरमधली निर्यात पहिल्या दिवशी घटत नाही, तर वर सांगितलेल्या भाव-सवलतींच्या वाटेने हळूहळू घटते. आपला खड्डा उशिरा पडतो आणि म्हणून तो ओळखायला अधिक कठीण असतो.

आता माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आकडे वाचण्याच्या पद्धतीबद्दल आहे. दर महिन्याच्या मध्याला व्यापाराचे आकडे जाहीर होतात ते मूल्याचे असतात. निर्यात दोन टक्के घटली, यात भाव किती घटला आणि नग किती घटले किंवा वाढले, हे त्या दिवशी कोणालाच कळत नाही. २०१३ हेच याचे ठळक उदाहरण आहे. त्या वर्षी मे महिन्याची व्यापारतूट सुमारे २० अब्ज डॉलर होती आणि सप्टेंबरमध्ये ती सात अब्जांच्या खाली आली. रुपयाच्या घसरणीने चार महिन्यांत तूट भरून काढली, असा अर्थ तेव्हा अनेकांनी काढला आणि आजही काढला जातो. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये सोन्याचे जागतिक भाव कोसळल्यामुळे मे महिन्यात देशात सोन्याचा पूर आला होता. त्यानंतर आयातशुल्क जूनमध्ये आठ आणि ऑगस्टमध्ये दहा टक्के झाले, आणि जुलैमध्ये आणलेल्या सोन्याचा पाचवा हिस्सा निर्यातीसाठी राखण्याचे बंधन आले. आकडा उतरला तो मुख्यतः सोन्याचा दरवाजा बंद झाल्यामुळे. माझे नवे केसिंग तेव्हा पॅटर्नच्या लाकडातही उतरलेले नव्हते. १९९१ च्या जुलैमधल्या अवमूल्यनानंतरही असेच झाले होते. १९९१-९२ मध्ये डॉलरमधली निर्यात किंचित घटली, तूट कमी झाली ती आयात सक्तीने आवळल्यामुळे, आणि निर्यातीची खरी उसळी १९९३-९४ मध्ये आली. दोन वेगळ्या औषधांचा गुण एकाच औषधाच्या नावावर लिहिला गेला, तर पुढच्या वेळी मात्राही चुकीची दिली जाते.

दुसरी तक्रार आम्हाला मिळणाऱ्या कर्जाबद्दल आहे. निर्यातपूर्व कर्जाची मर्यादा रुपयात ठरलेली असते. डॉलर महागल्यावर तेवढाच माल विकत घ्यायला जास्त रुपये लागतात, म्हणजे मर्यादा न बदलताही ती प्रत्यक्षात कमी झालेली असते. त्याच वेळी आम्ही आगाऊ विकलेले डॉलर बाजारभावापेक्षा स्वस्त ठरतात, तो कागदोपत्री तोटा दाखवून माझ्याकडे जास्तीचे मार्जिन, म्हणजे बँकेकडे हमी म्हणून ठेवायची रक्कम, मागितले गेले आहे. ज्या काळात नव्या मागणीसाठी पॅटर्न, नमुने आणि चाचण्या यांवर आधी खर्च करायचा असतो, नेमका तोच काळ रोकडटंचाईचा ठरतो. जुलै २०१३ मध्ये रुपया सावरण्यासाठी बँकांना मिळणाऱ्या तातडीच्या पैशाचा दर १०.२५ टक्क्यांवर नेण्यात आला. त्यामागची निकड मी समजू शकतो, पण निर्यातीचे कर्ज त्या लाटेतून वेगळे काढण्याची तरतूद त्याच दिवशी व्हायला हवी होती. लघुउद्योगांना निर्यातकर्जाच्या व्याजात सवलत देणारी योजना ३१ डिसेंबर २०२४ ला संपली आणि त्यानंतर आम्हाला बराच काळ तिच्याशिवाय काढावा लागला. ज्या योजनेचे आयुष्य काही महिन्यांच्या मुदतवाढीवर चालते, तिच्या भरवशावर अठरा महिन्यांचे काम हाती घेता येत नाही.

तिसरी तक्रार थोडक्यात सांगतो. आम्हाला नेहमी फक्त डॉलरचा भाव दाखवला जातो. २०२२ मध्ये रुपया डॉलरसमोर घसरला, पण येन आणि वर्षाचा बराच काळ युरोही त्याहून अधिक घसरलेले होते. जर्मन ग्राहकाच्या दृष्टीने त्या वर्षी बराच काळ भारतीय माल स्वस्त झालेलाच नव्हता. महागाईचेही तसेच आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये देशातली किरकोळ महागाई अकरा टक्क्यांच्या वर होती. वीज, मजुरी आणि वाहतूक या वेगाने वाढत गेली, तर अठरा महिन्यांनी नवी मागणी सुरू होईपर्यंत रुपयाने दिलेली भावातली सोय बरीचशी संपलेली असते. वक्राचा उभा दांडा उगवेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मधल्या काळात महागाई आवरली आणि कारखाने जगले, तरच तो उगवतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

मासिक व्यापार-आकड्यांसोबत प्रमुख वस्तूंच्या बाबतीत प्रमाणातला बदल आणि सरासरी भावातला बदल वेगवेगळा जाहीर करावा. कोलकात्याच्या वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालयाकडे प्रत्येक शिपिंग बिलावरचे वजन आणि नग येतात, आणि तिथे प्रमाणाचे व एकक-मूल्याचे निर्देशांक बनतातही. ते महिन्याच्या आकड्यांबरोबरच लोकांसमोर यावेत. तेल आणि सोने वगळलेली तूट रुपयात व डॉलरमध्ये शेजारी-शेजारी छापावी, म्हणजे खड्डा कुठे आहे आणि त्याचा तळ आला की नाही, हे कोणालाही ओळखता येईल. निर्यातीचे मूल्य घटत असतानाही नगांची संख्या वाढू लागली असेल, तर वळण आले असे समजावे.

निर्यातपूर्व कर्जाची मर्यादा विनिमय दराशी जोडावी. गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी दरात ठरावीक टक्क्यांहून अधिक बदल झाला, तर हाती पक्की मागणी असलेल्या लघुउद्योगाची मर्यादा वेगळा अर्ज न करता त्या प्रमाणात वाढावी आणि रुपया सावरल्यावर त्याच नियमाने खाली यावी. प्रत्यक्ष निर्यातीच्या मागणीवर केलेल्या आगाऊ डॉलर-विक्रीवर लघुउद्योगांकडून मध्येच जास्तीचे मार्जिन मागितले जाऊ नये, कारण त्या विक्रीच्या पाठीशी जहाजावर चढणारा माल उभा असतो.

नवा भाग विकसित करण्याच्या खर्चासाठी, म्हणजे पॅटर्न, नमुने, चाचण्या आणि मान्यता यांसाठी, किमान चोवीस महिन्यांच्या मुदतीचे स्वतंत्र कर्ज असावे. आजचे निर्यातपूर्व कर्ज पक्क्या मागणीवर मिळते आणि पक्की मागणी या सगळ्या खर्चानंतर येते. व्याजसवलतीची कोणतीही योजना जाहीर करताना तिची मुदतही दोन वर्षांपेक्षा कमी नसावी.

शेवटची मागणी संयमाची आहे. रुपया घसरल्यानंतर पहिल्या दोन तिमाहींत तूट वाढलेली दिसली, तर घाईने कच्च्या मालावर शुल्क किंवा निर्बंध लादू नयेत. निर्यातीच्या मालात जाणारा कोकिंग कोळसा, स्क्रॅप आणि मिश्रधातू महाग केले, तर आजची तूट किंचित कमी दिसेल, पण दीड वर्षानंतर निघणारा निर्यातीचा माल त्यातच अडकेल. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर नेला गेला, तेव्हा ताग आणि चहा यांच्यावर त्याच वेळी निर्यातशुल्क लावण्यात आले आणि निर्यातीला मिळणारी आधीची प्रोत्साहने काढून घेण्यात आली. त्यात दुष्काळाचीही भर पडली, हे खरे. पण अवमूल्यनाचा जो लाभ निर्यातदारापर्यंत पोहोचायचा तो धोरणानेच वाटेत अडवला होता, आणि पुढची दोन वर्षे डॉलरमधली निर्यात खालीच राहिली.

माझ्या बँकेने नाकारलेल्या अर्जासोबत एका नव्या व्हॉल्व्ह-बॉडीची चौकशी जोडलेली होती. तिचा पॅटर्न बनवायला दिलेला नाही. ग्राहकाने नमुन्यांसाठी दिलेली मुदत आणखी अकरा आठवडे आहे. वरील मागण्यांबाबत आपल्या विभागांनी जाहीर उत्तर द्यावे, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक फाउंड्रीचालक,
जि. कोल्हापूर